अकरा वाट्या आणि एक ‘हाय’

हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली एकही चूक काल्पनिक नाही. डेटिंग अ‍ॅपवर पहिला मेसेज लिहिताना त्या रोज होतात.

तो एकतीस वर्षांचा. दोन महिन्यांपासून अ‍ॅपवर आहे आणि आठवड्याला दोन-तीन मॅच होतात, म्हणजे दोघांनीही एकमेकांना पसंती दिलेली असते. फोटो आणि प्रोफाइल आपलं काम करताहेत. प्रत्येक मॅचला त्याचा पहिला मेसेज ठरलेला: ‘हाय, कशी आहेस?’ बहुतेक ठिकाणी त्यानंतर शांतता. एखादीकडून ‘मजेत, तू?’ येतं, तो ‘मस्त’ म्हणतो आणि गप्पा तिथेच संपतात. त्याचा समज असा, की आपण फारसे आवडत नाही आहोत. पण न आवडलेल्या माणसाशी मॅच झालीच नसती. अडचण मॅच आणि उत्तर यांच्या मधल्या त्या एका ओळीत आहे.

आता नवी मॅच झाली आहे. ती एकोणतीस वर्षांची. प्रोफाइलवर पाच फोटो आहेत: एक चेहऱ्याचा, एक मैत्रिणींबरोबरचा, एक कुत्र्याला आंघोळ घालतानाचा, एक मातीने माखलेल्या हातांचा आणि एक समुद्रावरचा पाठमोरा. खाली अ‍ॅपने सुरू करून दिलेल्या वाक्यांना तिची तीन उत्तरं आहेत. ‘रविवारी सकाळी’ यापुढे तिने लिहिलंय, ‘कुंभारकामाचा वर्ग. आतापर्यंत अकरा वाट्या केल्या, त्यातल्या दोनच सरळ उभ्या राहतात.’ ‘यावर मी वाद घालेन’ यापुढे, ‘पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणं हा गुन्हा नाही.’ आणि ‘मला भेटायला आवडेल’ यापुढे, ‘ज्याला वेळ पाळता येते असं कुणीतरी.’

तो सवयीने ‘हाय’ टाइप करतो. इथेच थांबून बघू.

‘हाय’मध्ये नेमकं काय बिघडतं

‘हाय’ उद्धट नाही, चुकीचंही नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘हाय’ म्हटलं की बाकीचं काम चेहरा, आवाज आणि प्रसंग करतात. अ‍ॅपवर यातलं काहीच नसतं. तिथे ‘हाय’ मिळालेल्या माणसाला विषय काढायचा, तो रंजक करायचा आणि समोरच्याला बोलतं करायचं अशी तिन्ही कामं एकट्याने करावी लागतात. पाठवणाऱ्याने दोन सेकंद घालवले आणि उरलेले कष्ट तिच्याकडे सरकवले. तिच्या यादीत असे आणखी पाच ‘हाय’ पडले असतील, तर ती कुठल्याच ‘हाय’वर कष्ट घेणार नाही. राग म्हणून नव्हे, नुसतं उद्यावर टाकून. आणि अ‍ॅपवरचा उद्या सहसा येत नाही.

म्हणून पहिला मेसेज तपासताना ‘तो छान आहे का’ हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. उत्तर देणाऱ्या माणसाला किती कष्ट पडतील, हे विचारावं. पुढचं सगळं याच एका प्रश्नाभोवती फिरतं.

ओकेक्युपिड या डेटिंग साइटने 2009 मध्ये आपल्याकडच्या पाच लाखांहून जास्त पहिल्या मेसेजांची छाननी करून निष्कर्ष मांडले होते. नुसत्या ‘हाय’, ‘हे’, ‘हॅलो’ने सुरू होणाऱ्या मेसेजांना उत्तरं कमी मिळत होती, दिसण्याचं कौतुक करणाऱ्यांचीही तीच गत होती, आणि समोरच्याच्या एखाद्या नेमक्या आवडीचा उल्लेख असलेल्यांना जास्त. गंमत म्हणजे ‘कसं काय चाललंय’ छापाची मोकळी सुरुवात ‘हॅलो’पेक्षा बरी ठरली होती. मात्र हे आकडे जपून वापरायला हवेत. त्या काळी तिथे कुणीही कुणालाही लिहू शकत होतं. आज बहुतेक ठिकाणी आधी दोघांनी पसंती द्यावी लागते, म्हणजे मेसेज वाचणाऱ्याने तुम्हाला आधीच एकदा ‘हो’ म्हटलेलं असतं. दिशा तीच राहते, प्रमाण तेच राहील असं नाही.

पाच कच्चे मसुदे

‘हाय’ खोडल्यावर त्याच्या हातून जे होतं, ते बहुतेकांच्या हातून होतं.

पहिला मसुदा: ‘तुझं हसणं खूप सुंदर आहे.’ खरं असेलही, पण याला उत्तर काय? ‘थँक्यू.’ त्यापुढे तिला बोलायला जागाच नाही. शिवाय हे तिच्या चेहऱ्याबद्दल झालं. चेहरा तिने निवडलेला नाही, कुंभारकामाचा वर्ग निवडला आहे. माणूस आपल्या निवडीबद्दल बोलायला उत्सुक असतो, नाकाडोळ्यांबद्दल संकोचतो, आणि अनोळखी माणसाकडून आलं तर थोडा सावधही होतो.

दुसऱ्या मसुद्यात तो उलट टोकाला जातो. कुत्र्याचं नाव काय, कुंभारकाम कधीपासून, समुद्र कुठला, कुठली पुस्तकं वाचतेस, आणि वर स्वतःच्या नोकरीचे, छंदांचे, स्वभावाचे सहा-सात वाक्यांतले तपशील. प्रामाणिक आहे, पण हा अर्ज झाला. चार प्रश्नांतल्या एकालाच उत्तर दिलं तर अपुरं वाटतं आणि चारींना द्यायचं तर बसून लिहावं लागतं. मग ती ‘रात्री निवांत लिहू’ म्हणते आणि मेसेज खाली खाली सरकत जातो. एलिझाबेथ ब्रुच आणि मार्क न्यूमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या चार शहरांमधल्या ऑनलाइन डेटिंगचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की लोक आपल्यापेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यक्तींना लांब मेसेज लिहितात, पण त्या लांबीचा मोबदला एकूण फारसा मिळत नाही. लांबी म्हणजे आस्था, असं लिहिणाऱ्याला वाटतं. वाचणाऱ्याच्या डोक्यावर ते ओझंच.

तिसरा मसुदा दिसायला चांगला आहे: ‘कुंभारकामाची आवड कशी लागली?’ विषय तिचा, प्रश्न एकच. तरी हा मसुदा कच्चाच. आवड कशी लागली, हे सांगायचं तर आठवावं लागतं, जुळवावं लागतं. बरेचदा खरं उत्तर ‘मैत्रीण जात होती म्हणून मीही गेले’ इतकं साधं असतं आणि प्रश्नाच्या मानाने ते फिकं वाटतं. ‘कसं सुरू झालं’, ‘का आवडतं’, ‘काय अर्थ आहे तुझ्यासाठी’ हे प्रश्न मुलाखतीत शोभतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तेच प्रश्न उत्तम. पहिल्या ओळीत ते जड जातात.

चौथ्यात तो विनोद करतो: ‘अकरात दोनच? वर्ग बदल बहुतेक.’ तिने स्वतःवर केलेला विनोद त्याने तिच्यावर उलटवला. स्वतःची फजिती सांगणारा माणूस ती ऐकणाऱ्याला सोबत हसायला बोलावत असतो, त्या फजितीवर शेरा मारायला नव्हे. ओळखीत हीच ओळ गोड लागली असती, पण ओळख अजून झालेलीच नाही. लिहिणाऱ्याचं हसू स्क्रीनवर दिसत नाही, शब्द तेवढे दिसतात.

पाचवा मसुदा सगळ्यात फसवा. तो कुंभारकामाबद्दल शोधून वाचतो आणि लिहितो, की माती चाकाच्या नेमक्या मध्यावर बसली नाही तर वाटीची भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते आणि वाटी कलते. माहिती बरोबर आहे. पण तिने मदत मागितली नव्हती, आणि जी गोष्ट ती सांगू शकली असती तीच त्याने सांगून टाकली. आता तिच्या वाट्याला ‘हो, बरोबर’ एवढंच उरलं. ज्या विषयात ती थोडी पुढे आहे तिथे तिला पुढेच राहू द्यावं. आपलं अज्ञान इथे उपयोगाचं असतं.

कोणता धागा उचलायचा

या प्रोफाइलमध्ये निदान पाच धागे आहेत. सगळे सारखे नाहीत.

समुद्राचा फोटो सगळ्यात दुबळा. समुद्रावरचे फोटो असंख्य जणांकडे असतात आणि ‘कुठला समुद्र?’ याचं उत्तर एका शब्दात संपतं. त्याहून वाईट म्हणजे जागा स्वतः ओळखून दाखवणं. ‘मागे जी इमारत दिसतेय तिच्याजवळच मी राहतो’ हे लिहिणाऱ्याला योगायोग वाटतो. वाचणाऱ्या बाईला दिसतं ते इतकंच, की एका अनोळखी पुरुषाने माझ्या फोटोतून माझा ठावठिकाणा काढला. ऑफिस कुठे, राहतेस कुठे, एकटी राहतेस का, हे प्रश्न पहिल्या मेसेजमध्ये याच कारणाने मरतात. उत्तर सोपं असतं, पण ते देण्यात धोका असतो.

कुत्रा बरा, पण कुत्र्याबद्दल प्रत्येक जण विचारतो. वेळ पाळण्याची ओळ खरं म्हणजे तक्रार आहे. तिच्यामागे कुणीतरी तिला ताटकळत ठेवल्याचा अनुभव असावा, तो पहिल्याच वाक्यात उकरू नये. पानाचा कोपरा दुमडण्याची ओळ चांगली आहे. तिने वादाला स्वतःच आमंत्रण दिलंय आणि बाजूही घेतली आहे.

तरी वाट्यांची ओळ सरस ठरते, ती तिच्यातल्या आकड्यांमुळे. अकरा आणि दोन. प्रोफाइलमध्ये कुणी आकडा, नाव किंवा विशिष्ट वस्तू घातली असेल तर ती बहुतेकदा मुद्दाम घातलेली असते, कुणीतरी विचारावं म्हणून. आणि या ओळीत एक भोक आहे. अकरातून दोन गेल्या, मग उरलेल्या नऊ कुठे आहेत? गोष्टीतला जो भाग सांगायचा राहिला आहे तिथेच प्रश्न ठेवावा. तो तिला आठवावा लागत नाही, तो तिच्या घरातच कुठेतरी पडलेला असतो.

मेसेज बांधताना

प्रश्न सापडला: नऊ वाट्यांचं काय झालं? एवढंच पाठवलं तरी ‘हाय’पेक्षा कितीतरी बरं. पण फक्त प्रश्न आला तर चौकशी वाटते, आणि प्रश्न विचारणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणून त्यात स्वतःचा एक चिमूटभर तपशील हवा. तोही त्याच जातीचा: ती फजितीबद्दल बोलत असेल तर आपलीही छोटी फजिती. मोठेपणा सांगितला तर तोल जातो. त्याच्याकडे आहे एक डुगडुगणारं स्टूल, स्वतः बनवलेलं.

तिसरी गोष्ट, उत्तराला टेकू. ‘काय झालं?’ हा मोकळा प्रश्न आहे. त्याच्यापुढे दोन शक्यता ठेवल्या, की घाईत असलेली व्यक्ती त्यातली एक निवडून मोकळी होते आणि वेळ असलेली व्यक्ती ‘दोन्ही नाही’ म्हणून गोष्ट सांगते. दोन्हीकडून रस्ता खुला. फक्त त्या शक्यता ‘हो’ आणि ‘नाही’ नसाव्यात.

जोडून झालेला मेसेज असा:

‘अकरातल्या दोन उभ्या राहिल्या हे माझ्या स्टुलापेक्षा बरं आहे. मी बनवलेलं एकमेव स्टूल डुगडुगतं, त्यावर फक्त कुंडी बसते. उरलेल्या नऊ वाट्यांचं काय झालं? पुन्हा माती, की चाव्या ठेवायला?’

साधारण तीस शब्द. वाचायला दहा-बारा सेकंद, उत्तराला त्याहून कमी.

यातला क्रमही मुद्दाम ठेवलेला आहे. मेसेज उघडण्याआधी फोनवर त्याचे पहिले चार-सहा शब्दच दिसतात. तिथे ‘हाय, मी तुझं प्रोफाइल पाहिलं आणि’ असलं, तर इतर मेसेजांच्या रांगेत ते ओळखूच येत नाही. ‘अकरातल्या दोन उभ्या राहिल्या’ दिसलं, की तिला उघडण्याआधीच कळतं, या माणसाने वाचलंय. अभिवादन घालायचंच असेल तर खुशाल घाला, पण त्यानंतर लगेच मुद्दा हवा. आणि प्रश्न शेवटी, कारण वाचून संपताना जे डोळ्यासमोर असतं त्यालाच बोटं उत्तर देतात. प्रश्न आधी आणि स्टूल नंतर असं ठेवलं, तर उत्तर स्टुलाबद्दल येण्याची शक्यता वाढते. त्यात तोटा नाही, पण मग बोलणं त्याच्याबद्दल सुरू होतं.

मराठीत आणखी एक गोष्ट नडते: तू की तुम्ही? ‘तुम्ही’ लिहिलं तर स्थळ बघायला आल्यासारखं वाटतं आणि ‘तू’ काहींना पहिल्याच ओळीत जवळचं होतं. वरच्या मेसेजमध्ये तिच्यासाठी सर्वनामच नाही. ‘तू नऊ वाट्यांचं काय केलंस?’ ऐवजी ‘नऊ वाट्यांचं काय झालं?’ मराठीत ही सोय आहे आणि ती वापरावी. ती उत्तरात जे वापरेल ते पुढे आपणही वापरायचं. लिपीचंही तसंच. तिचं प्रोफाइल देवनागरीत असेल तर देवनागरीत लिहावं, रोमन अक्षरांतल्या मराठीत असेल तर तसं. आणि ‘के’, ‘एचएमएम’ असली तोडकीमोडकी अक्षरं पहिल्या मेसेजमध्ये कुठल्याच लिपीत नकोत. घाई त्यातून सगळ्यात आधी दिसते.

पाठवण्याआधी दोन तपासण्या

पहिली तपासणी: हाच मेसेज, एकही शब्द न बदलता, आणखी दहा जणींना पाठवता येईल का? येत असेल तर तो तिच्यासाठी नाही, आणि तिला ते कळतं. ‘दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी सांग’ छापाच्या तयार ओळी इथेच नापास होतात. त्या पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गंमतशीर वाटतात, पण अ‍ॅपवर महिनाभर काढलेल्या माणसाने त्या चारदा वाचलेल्या असतात.

दुसरी तपासणी जास्त उपयोगी आहे आणि फारसं कुणी ती करत नाही. स्वतःला तिच्या जागी ठेवून तीन वेगवेगळी एका ओळीची उत्तरं लिहून पाहा. ‘सगळ्या पुन्हा माती.’ ‘एक आईकडे आहे, ती वापरतेसुद्धा.’ ‘नऊच्या नऊ कपाटात, फेकवत नाहीत.’ तीन सहज सुचली, म्हणजे प्रश्न चालतो. एकच सुचलं तर प्रश्न अरुंद आहे. एकही सुचलं नाही, तर आपण तिला परीक्षेला बसवतो आहोत.

प्रोफाइल कोरं असेल तर? तीन फोटो, एक शब्द नाही. मग फोटोतल्या शरीराकडे नव्हे, कृतीकडे किंवा वस्तूकडे बघावं: हातातलं वाद्य, टेबलावर अर्धवट राहिलेलं कोडं, मैत्रिणींच्या फोटोत एकटीनेच मिटलेले डोळे. तेही नसेल तर एखादा हलका, निवड करायला लावणारा प्रश्न टाकून सोडून द्यावं. ज्याने स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नाही, त्याच्याकडून उत्तर कमीच येणार. तिथे अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही.

अ‍ॅपनुसार काय बदलतं

टिंडरवर साधारणपणे मॅच झाल्यावरच लिहिता येतं. हिंजवर पसंती देतानाच एखाद्या ठरावीक फोटोला किंवा उत्तराला कमेंट जोडता येते, म्हणजे तिथे पहिला मेसेज मॅचच्या आधी पोचतो आणि मॅच होणार की नाही हेही काही प्रमाणात तोच ठरवतो. तिथे कमेंट कोणत्या उत्तराखाली जातेय ते समोर दिसतच असतं, म्हणून ‘अकरातल्या दोन’ ही उजळणी गाळून थेट स्टुलावर आलं तरी चालतं. बंबलवर स्त्री-पुरुष जोडीत पहिला मेसेज स्त्रीने करायचा आणि त्यासाठी 24 तास, असा मूळ नियम होता. 2024 पासून तिला आधीच एक प्रश्न ठेवून देता येतो, ज्याचं उत्तर मॅच झालेल्याने द्यायचं. अशा वेळी तो प्रश्नच धागा असतो. तिने प्रश्न ठेवलेला असताना त्याला बगल देऊन आपला मेसेज चिकटवणं म्हणजे न ऐकल्याची जाहिरात.

हे सगळं बाईने पुरुषाला लिहितानाही तसंच लागू आहे. पुरुषांना येणारे मेसेज सहसा कमी असतात, त्यामुळे तिच्या ‘हाय’ला उत्तर येऊनही जातं. पण ते उत्तरही ‘हाय’च असतं आणि काम पुन्हा तिच्याकडे येतं.

उत्तर आलं नाही तर

चांगल्या मेसेजलाही शांतता मिळते. तिने अ‍ॅप आठवडाभर उघडलं नसेल, सूचना बंद असतील, दुसऱ्या कुणाशी बोलणं रंगलं असेल, बोट चुकून उजवीकडे सरकून पसंती दिली गेली असेल. यातलं काहीही मेसेज सुधारून बदलत नाही.

तीन-चार दिवसांनी एक दुसरा मेसेज पाठवायला हरकत नाही, फक्त त्यात पहिल्याचा उल्लेख नको. ‘बिझी दिसतेस’, ‘उत्तर नाही दिलंस’, एकटंच प्रश्नचिन्ह: या सगळ्यांतून जाब विचारल्यासारखं होतं. त्यापेक्षा दुसरा धागा उचलावा: ‘कोपरा दुमडण्याच्या बाजूने मीही आहे. पण उसन्या पुस्तकाचा दुमडला तर?’ यानंतरही शांतता असेल तर थांबायचं. तिसरा मेसेज कामी येत नाही, आणि आलाच तरी त्यामागची भावना चांगली नसते.

एका शांततेवरून आपल्या लिहिण्याबद्दल निष्कर्ष काढू नये. दहा मेसेजांत दोन उत्तरं आणि दहांत तीन उत्तरं, यातला फरक निव्वळ नशिबाचा असू शकतो. निदान वीस-पंचवीस मेसेज याच पद्धतीने गेल्यावर चित्र थोडं दिसू लागतं, आणि तेव्हा बघायचं ते कुठे तुटतंय हे. मॅचच होत नसतील तर मेसेजला दोष देण्यात अर्थ नाही, फोटो आणि प्रोफाइल बघावं. मॅच होतात आणि शांतता पसरते, तर पहिला मेसेज. पहिलं उत्तर येतं आणि दोन-तीन फेऱ्यांत बोलणं विझतं, तर दोष दुसऱ्या मेसेजचा. आपल्या प्रकरणातल्या माणसाला या तिसऱ्या तुटण्याची अजून सवय नाही, कारण तो तिथवर क्वचितच पोचला होता.

उत्तर आलं तर

समजा दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं: ‘हाहा, चाव्या.’

एवढंसं उत्तर बघून तो खट्टू होईल आणि ‘अच्छा. बाकी काय करतेस?’ लिहील. इथे सगळं वाया जातं. धागा हातात आलेला असताना तो सोडून मुलाखत सुरू होते. छोटं उत्तर म्हणजे नकार नव्हे. तिने दोन शक्यतांतली एक निवडली, आणि आपणच तिला ती सोय दिली होती. आता तिच्या उत्तराच्या पोटातला प्रश्न काढायचा: ‘नऊ वाट्या भरतील इतक्या चाव्या? मग कुलपं किती आहेत?’ हार्वर्डमधल्या कॅरेन हुआंग आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. संभाषणात प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडतात, आणि त्यातही समोरच्याने नुकतंच जे सांगितलं त्यावरचा पुढचा प्रश्न विचारणारी. स्पीड डेटिंगच्या, म्हणजे एकामागून एक अनोळखी माणसांना काही मिनिटं भेटण्याच्या फेऱ्यांमध्ये असे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायचा होकारही जास्त मिळाला होता.

हा पुढचा प्रश्नही चावी-कुलपात अडकून राहायला नको. दोन फेऱ्यांनंतर विषय आपोआप सरकू द्यावा. वाट्यांवर बारा मेसेज झाले तर तोही एक प्रकारचा हट्टच.

किंवा समजा उत्तर असं आलं: ‘पाच पुन्हा माती. तीन चाव्या आणि नाण्यांसाठी. एक आईने हट्टाने जेवणाच्या टेबलावर ठेवलीय, पाहुण्यांना दाखवते. कुंडीत काय लावलंय?’

या उत्तरात बघायची जागा म्हणजे शेवटचं वाक्य. तिने आपल्या प्रश्नाचं उत्तर तर दिलंच, वर स्टुलावरची कुंडी उचलली. मेसेजमध्ये तो चिमूटभर तपशील नसता, तर तिला विचारायला काहीच सापडलं नसतं. आता काम दोघांत वाटलं गेलं आहे. त्याने इथे दोन गोष्टी करायच्या: कुंडीबद्दल खरं ते सांगायचं, आणि आईच्या त्या वाटीला हात घालायचा, कारण तिने सगळ्यात जास्त शब्द तिच्यावर खर्च केले आहेत. ‘तुळस लावली होती, आता नुसती काडी आहे. पण पाहुणे त्या वाटीला काय म्हणतात?’ फोन नंबर, भेटायचा दिवस, जुनी नाती यातलं काहीही अजून आणायचं नाही. ती एका प्रश्नाचं उत्तर देऊन दुसरा विचारते आहे, तोवर घाई नाही.